पॅटर्नचे पैसे कोणाच्या माथी?

कोल्हापूरजवळच्या शिरोली औद्योगिक वसाहतीतली एखादी मध्यम फौंड्री घ्या. महिन्याला दोन मोठी कामे, बाकी किरकोळ. पहिले काम जुन्या गिऱ्हाइकाचे: शेतीपंपाच्या बॉडीचे ४०० नग. पॅटर्न त्याचाच, वर्षानुवर्षे रॅकवर पडून असलेला, आणि कामगारांना तो पाठ. दुसरे काम नवे: रसायन कारखान्यात बसणाऱ्या पंपाच्या बॉडीचे २०० नग. धातू वेगळा, एसजी आयर्न. त्यासाठी लागणारे खास पिग आयर्न लांबून आणावे लागले. पॅटर्न, कोअर बॉक्स आणि ड्रिलिंगचे फिक्स्चर नव्याने बनवावे लागले. ओतकामाची आखणी आणि ड्रॉइंग बाहेरच्या डिझायनरकडून करून घेतली. शिवाय पंपाच्या आतल्या वळणाची रचना दुसऱ्याच्या पेटंटची होती. गिऱ्हाईक म्हणाले, ‘रॉयल्टी तुम्हीच भरा आणि दरात धरा.’

महिनाअखेरीला हिशेबनीस बसतो. त्याच्यापुढे चार पावत्या अशा आहेत की त्या ना धातूच्या खात्यात सहज बसतात, ना मजुरीच्या. आवक भाडे, डिझाइनची फी, पॅटर्नचे बिल आणि रॉयल्टी. सगळ्यात सोपा मार्ग म्हणजे त्या ‘कारखान्याचा इतर खर्च’ म्हणून ओव्हरहेडमध्ये ढकलणे. अनेक लहान कारखान्यांत तेच होते. त्यात लबाडी नसते. कोणत्या कामासाठी काय आणले याची नोंद ठेवायला वेळ नसतो, एवढेच. वर्षाचा एकूण नफा त्याने एका पैशानेही बदलत नाही, म्हणून बँक, कर सल्लागार, कोणीच हरकत घेत नाही. बिघाड होतो तो कोणत्या गिऱ्हाइकाने किती दिले, या उत्तरात.

आकडे घालून पाहू. सोयीसाठी ते गोल धरले आहेत. नव्या कामाला धातू ३,००,००० रुपयांचा आणि मजुरी १,००,००० रुपये. जुन्या कामाला धातू ५,००,००० आणि मजुरी १,५०,०००. भट्टीची देखभाल, सुपरवायझरचा पगार, शेडचे भाडे असा खरोखरचा सामाईक खर्च २,५०,०००. आता त्या चार पावत्या: पॅटर्न आणि फिक्स्चर १,४०,०००, डिझाइन ४०,०००, रॉयल्टी नगाला १५० प्रमाणे ३०,०००. या तिन्ही नव्या कामाच्या. आवक भाडे नव्या कामाच्या मालावर १८,००० आणि जुन्या कामाच्या मालावर १२,०००.

सगळे ओव्हरहेडमध्ये टाकले तर तो ढीग ४,९०,००० चा होतो. बहुतेक फौंड्र्यांत ओव्हरहेड मजुरीच्या प्रमाणात वाटतात. एकूण मजुरी २,५०,०००, म्हणजे मजुरीच्या प्रत्येक रुपयामागे १ रुपया ९६ पैसे. या हिशेबाने नव्या कामाचा खर्च ५,९६,००० येतो आणि नग २,९८० रुपयांना पडतो. जुन्या कामाचा खर्च ९,४४,०००, नगाला २,३६०. नव्याचा दर ३,३०० ठरला होता आणि जुन्याचा २,३००. मालकाला दिसते ते असे: नव्या कामात ६४,००० नफा, जुन्यात २४,००० तोटा.

आता प्रत्येक पावती ज्याची त्याला लावू. भाडे धातूच्या किमतीत मिळवायचे, पॅटर्न, डिझाइन आणि रॉयल्टी थेट नव्या कामावर टाकायची आणि फक्त सामाईक २,५०,००० मजुरीवर वाटायचे, म्हणजे रुपयाला रुपया. नवे काम: धातू ३,१८,०००, मजुरी १,००,०००, थेट खर्च २,१०,०००, ओव्हरहेड १,००,०००. एकूण ७,२८,०००, नगाला ३,६४०. जुने काम ८,१२,०००, नगाला २,०३०. नव्या कामात ६८,००० तोटा, जुन्यात १,०८,००० नफा. दोन्ही पद्धतींनी महिन्याचा नफा तोच, ४०,०००. पण चित्र पार उलटे.

मेसमध्ये एकाने मटण मागवायचे आणि त्याचे पैसे सगळ्यांच्या जेवणावर सारखे वाटायचे, तसा हा प्रकार. इथे तर वरणभातवाल्यावर जास्तच पडते, कारण वाटणी मजुरीवर आहे आणि मजुरी जुन्या कामाची अधिक. पुढे काय होते तेही ठरलेले. मालक जुन्या गिऱ्हाइकाकडे दरवाढ मागतो. ते शेजारच्या फौंड्रीत चौकशी करते, तिथे २,२०० ला माल मिळतो आणि ते निघून जाते. नवे गिऱ्हाईक मात्र ‘इथे स्वस्त पडते’ म्हणून आणखी अवघड ड्रॉइंग घेऊन येते.

तेव्हा एखादा खर्च थेट की ओव्हरहेड, हे त्याच्या नावावरून ठरत नाही. इन्स्टिट्यूट ऑफ कॉस्ट अकाउंटंट्स ऑफ इंडियाच्या दहाव्या खर्च लेखामानकात थेट खर्चाची जी व्याख्या आहे तिचा आशय असा: माल आणि मजुरी सोडून जो खर्च विशिष्ट उत्पादनाशी, सेवेशी किंवा कामाशी ओळखून जोडता येतो, तो थेट खर्च. कारखान्याच्या भाषेत दोन प्रश्न विचारावेत. हे काम आले नसते तर हा खर्च झाला असता का? आणि तो या कामाचा आहे हे कागदावर दाखवता येते का? पहिल्याला ‘नाही’ आणि दुसऱ्याला ‘हो’ असे उत्तर आले की खर्च जॉब कार्डवर जातो. मानकात एक सवलतही आहे. रक्कम इतकी किरकोळ असेल की तिच्यामागे धावण्यात अर्थ नाही, तर ती ओव्हरहेडमध्ये टाकता येते. तीनशे रुपयांच्या कुरिअरसाठी जॉब क्रमांक शोधत बसू नये. पण १,४०,००० च्या पॅटर्नला ही सवलत लावणे म्हणजे शुद्ध आळस.

या चौघांत आवक भाड्याचा निकाल सर्वांत लवकर लागतो. ते थेट खर्चातही जात नाही आणि ओव्हरहेडमध्येही नाही. ते मालाच्या किमतीचाच भाग असते. गोव्यातल्या आमोण्याहून निघालेले पिग आयर्न शिरोलीच्या भट्टीजवळ येऊन पडते तेव्हाच ते कामाचे. त्यामुळे तिथपर्यंतचे भाडे आणि वाटेतला विमा धरूनच किलोचा दर काढायचा. ज्या जीएसटीचे क्रेडिट मिळते तो मात्र त्यात धरायचा नाही. घोळ होतो तो एकाच गाडीतून दोन प्रकारचा माल आला की. समजा गाडीत १६ टन पिग आयर्न आणि २ टन फेरो अलॉय आहे, भाडे २७,०००. गाडीवाल्याने पैसे वजनावर घेतले आहेत, तर वाटणीही वजनावर हवी. टनाला १,५००, म्हणजे अलॉयवर ३,०००. तेच भाडे किमतीच्या प्रमाणात वाटले आणि पिग आयर्न ४५ रुपये किलो व अलॉय १५० रुपये किलो धरले, तर अलॉयवर जवळपास आठ हजार येतात. ज्या कामात अलॉय जास्त, ते काम उगाच महाग दिसते.

भाड्याच्या काही पावत्या फसव्या असतात. पॅटर्न बेळगावहून बनवून आणला असेल तर त्याचे भाडे धातूत नव्हे, पॅटर्नच्या किमतीत जाते. गिऱ्हाइकाने स्वतःचा माल फुकट दिला आणि तो आणायचे भाडे आपण भरले, तर ते त्या कामाचा थेट खर्च, कारण मिळवायला मालाची किंमतच नाही. गाडी वेळेत रिकामी न केल्याचा दंड मालाच्या किमतीत धरायचा नाही, असे मानकेच सांगतात. तो कोणत्याही गिऱ्हाइकाचा दोष नाही. दुप्पट भाडे देऊन रातोरात माल आणला तर कारण विचारावे. गिऱ्हाइकाला घाई असेल तर जादा भाडे त्याच्या कामावर. स्टोअरमध्ये मागणी नोंदवायची राहून गेली असेल तर ते कामावर टाकू नये, वेगळे दाखवावे, म्हणजे मालकाला ते दिसेल.

डिझाइनच्या बाबतीत बाहेरच्या माणसाचे बिल असेल तर वादच नाही. बिलावर कामाचे नाव असते, ते जॉब कार्डवर जाते. खरी अडचण कारखान्यातल्या पगारी डिझायनरची. महिन्याचा पगार ६०,००० आणि कामाचे तास २००, म्हणजे तासाला ३००. त्याने नव्या पंपावर ७० तास घातले असतील तर २१,००० त्या कामाचे. पण हे म्हणायला तासांची वही लागते. वही नसेल तर पूर्ण पगार ओव्हरहेडमध्ये जातो आणि ज्या जुन्या कामासाठी त्याने पेन्सिलही उचलली नाही, ते त्याच्या पगाराचा मोठा वाटा उचलते. तासांची वही भरायला डिझायनर कुरकुरतात, हे खरे. रोज संध्याकाळी जॉब क्रमांक आणि तास एवढ्या दोनच रकान्यांची वही चालते, मिनिटांचा हिशेब नको.

त्या वहीतून आणखी एक गोष्ट निघते. ५० तास असे असतात की ज्यांची ऑर्डर कधी आलीच नाही. चौकशी आली, ड्रॉइंग केले, दर कळवला, पुढे शांतता. हे तास मिळालेल्या कामांवर लावू नयेत, ते विक्री मिळवण्याचा खर्च आहेत. गिऱ्हाइकाने अर्ध्यावर ड्रॉइंग बदलले तर त्या तासांचे वेगळे बिल मागता येते, आणि मागण्यासाठी पुरावा म्हणून हीच वही. सॉफ्टवेअरचेही तसेच. ऑफिसमधल्या ड्रॉइंगच्या सॉफ्टवेअरचे वार्षिक शुल्क सगळ्यांचे, म्हणून ओव्हरहेड. पण धातू साच्यात कसा भरेल हे आधी तपासण्यासाठी या एका कामापुरते सिम्युलेशन करून घेतले, तर तो थेट खर्च.

रॉयल्टीकडे वळताना करारातले एक वाक्य नीट वाचावे लागते. रॉयल्टी तयार झालेल्या नगावर आहे की विकलेल्या नगावर? तयार नगावर असेल तर ती उत्पादनाचा थेट खर्च. विकलेल्या नगावर असेल तर ती विक्रीचा खर्च, आणि गोदामात पडून असलेल्या मालाच्या किमतीत ती धरता येत नाही. महाराष्ट्रात ‘रॉयल्टी’ म्हटले की अनेकांना मुरूम-खडीच्या पावत्याच आठवतात. तिथेही कोण भरतो हे पाहावे लागते. खाणवाला स्वतः दगड काढून सरकारला रॉयल्टी देतो तेव्हा तो त्याचा थेट खर्च. रस्त्याचा कंत्राटदार रॉयल्टीसकट खडी विकत घेतो तेव्हा त्याच्यासाठी ती खडीची किंमतच.

आपल्या पंपावर नगाला १५० रुपये हे सरळ वाटते, पण करारात बहुधा किमान रकमेचे कलम असते. समजा वर्षाला किमान १,००,००० द्यायचे आहेत आणि नग झाले ४००. नगाच्या दराने ६०,००० होतात, ४०,००० कमी पडतात, ते तरीही भरावे लागतात. मग नगाला २५० धरायचे का? माझ्या मते नाही. काम कमी मिळाले म्हणून रॉयल्टी वाढली, ती वाढ नगात घातली, दर वाढवला, की काम आणखी कमी मिळते. जॉबवर १५०च लावावेत. पुढच्या वर्षीच्या जादा उत्पादनातून ही तूट वळती करून घेण्याची मुभा करारात असेल आणि तेवढे उत्पादन होण्याची वाजवी खात्री असेल, तर ४०,००० पुढे ओढावेत. नसेल तर ते त्या पंपाच्या एकूण धंद्याचा तोटा म्हणून वेगळे दाखवावेत. शेतीपंपाच्या गिऱ्हाइकाच्या ओव्हरहेडमध्ये मात्र त्यांना जागा नाही. आणि करार करतानाच एकरकमी ३,००,००० दिले असतील तर ते पहिल्याच ऑर्डरवर आदळायचे नाहीत. कराराच्या काळात किती नग होतील याचा अंदाज घेऊन, समजा ३,०००, नगाला १०० प्रमाणे ते उतरवत न्यायचे. एकरकमी रकमांबाबत दहाव्या मानकाचा नियमही हाच आहे.

राहिला पॅटर्न. फौंड्रीच्या हिशेबात सर्वांत जास्त भांडणे त्याच्यावरूनच होतात. आधी ‘खास’ कोणते ते ठरवू. ड्रिल, टॅप, इन्सर्ट ही झिजणारी हत्यारे सगळ्याच कामांवर चालतात, ती ओव्हरहेड. पॅटर्न, कोअर बॉक्स आणि त्या बॉडीच्याच मापाचे फिक्स्चर दुसऱ्या कशालाही बसत नाही, म्हणून खास. वरच्या हिशेबात आपण १,४०,००० पूर्णच्या पूर्ण २०० नगांवर टाकले. हातात एकच ऑर्डर असेल तर ते बरोबर. पण ॲल्युमिनियमचा पॅटर्न २०० नगांत झिजत नाही. समजा तो १,००० नग सहज देईल. मग नगाला १४० रुपये, या ऑर्डरवर २८,०००, आणि १,१२,००० पुढच्या ऑर्डरींची वाट पाहत वहीत राहतात. तसे धरले की नव्या कामाचा खर्च ६,१६,००० वर येतो, नगाला ३,०८०, आणि ६८,००० चा तोटा नाहीसा होऊन ४४,००० नफा दिसू लागतो.

एका अंदाजावर तोट्याचा नफा होतो, म्हणून या अंदाजाकडे संशयानेच पाहावे. पॅटर्न १,००० नग देऊ शकतो हे पॅटर्नचे आयुष्य झाले. गिऱ्हाईक १,००० नग घेईल हे वेगळे विधान आहे, आणि हिशेबाला दुसरे विधान लागते. ‘पुढे भरपूर काम देऊ’ असे तोंडी आश्वासन प्रत्येक खरेदी अधिकारी देतो. वर्षाचा दरकरार हातात असेल, त्यात नगांची संख्या असेल, तर तेवढ्या नगांवर वाटावे. ६०० नगांचा करार असेल तर ६०० वर, पॅटर्न कितीही टिकाऊ असो. कागद नसेल तर २०० वर.

यापेक्षा स्वच्छ मार्ग कोटेशनमध्येच असतो. टूलिंगची ओळ वेगळी लिहायची: पॅटर्न आणि फिक्स्चर १,४०,०००, नगाचा दर वेगळा. गिऱ्हाइकाने टूलिंगचे पैसे आधी दिले तर पॅटर्न त्याचा झाला, रॅकवर त्याच्या नावाची पाटी लागते, आणि नगाचा खर्च २,९४० उरतो. मग दुसरी ऑर्डर येवो न येवो, वहीत काही लटकत नाही. मोठी गिऱ्हाइके मात्र एकरकमी पैसे द्यायला नाखूष असतात. त्यांना नगाच्या दरात सगळे हवे असते. अशा वेळी दरात टूलिंगचे १४० धरून, ठरावीक मुदतीत १,००० नग उचलले नाहीत तर उरलेल्या नगांचे टूलिंग एकदम भरावे लागेल, असे कलम घालता येते. ते मान्य होईलच असे नाही. पण ते मागितले की समोरच्याच्या ‘भरपूर काम’ या शब्दाचे वजन कळते.

पॅटर्न कोणाचा, हा प्रश्न करातही येतो. ८ जून २०१८ च्या जीएसटी परिपत्रकाने हे स्पष्ट केले. साचा किंवा डाय गिऱ्हाइकाच्या मालकीचा असेल आणि त्याने तो सुट्या भागांच्या उत्पादकाला फुकट वापरायला दिला, तर ती विक्री किंवा पुरवठा नव्हे, आणि त्याची किंमत नगाच्या मूल्यात मिळवायची नाही. पण करारानुसार साचा उत्पादकाने स्वतः आणायचा होता आणि प्रत्यक्षात तो गिऱ्हाइकाने फुकट दिला, तर साच्याच्या किमतीचा नगावर येणारा वाटा मूल्यात धरून त्यावर कर भरावा लागतो. म्हणजे ऑर्डरमधल्या एका ओळीने कर बदलतो. ती ओळ खरेदी अधिकारी जुन्या ऑर्डरमधून उतरवून काढतो आणि फौंड्रीतले कोणी वाचत नाही, असे पुष्कळदा दिसते.

हिशेब भरकटला आहे हे ओळखायला ऑडिटची वाट पाहावी लागत नाही. ज्या महिन्यांत नवी कामे सुरू होतात त्याच महिन्यांत मजुरीवरचा ओव्हरहेड दर उसळी घेत असेल, तर कोणाचे तरी पॅटर्न त्यात लपले आहेत. वर्षानुवर्षे चाललेले, धातू किंवा मजुरी न वाढलेले काम अचानक तोट्यात दिसू लागले, तर आधी त्या महिन्याचे ओव्हरहेड उघडून पाहावेत. तिसरी खूण रॅकवर असते. वहीत ‘टूलिंग पुढे ओढलेले’ म्हणून जी रक्कम आहे, तिच्यातल्या प्रत्येक पॅटर्नपुढे शेवटचे ओतकाम कधी झाले ती तारीख लिहून काढावी.

त्या यादीत दोन वर्षे धूळ खात पडलेला आपला रसायन पंपाचा पॅटर्न निघाला, तर १,१२,००० चे काय करायचे? पुढच्या एसजी आयर्नच्या गिऱ्हाइकाच्या दरात ते हळूच घालण्याचा मोह होतो, पण त्याचा त्या पॅटर्नशी काही संबंध नाही. ओव्हरहेडमध्ये टाकले तर शेतीपंपवाला पुन्हा भरडला जातो. पॅटर्न मोडीत काढून ॲल्युमिनियमचे १२,००० आले तर ते वजा करायचे आणि उरलेले १,००,००० त्या वर्षाच्या नफा-तोट्यात एका वेगळ्या ओळीत लिहायचे, शेजारी ज्या ऑर्डरसाठी तो बनवला होता तिचा क्रमांक टाकून.